ऑटो आला, मेट्रो आली: नव्या शब्दाचं लिंग ठरतं कशावरून?

वहीतली_बाई (धरमपेठ)
सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासते आहे. एका मुलानं लिहिलंय, "आम्ही बर्डीला उतरलो. ऑटो निघून गेला. वर पाहिलं तर मेट्रो आली होती." त्याच वर्गातल्या एका मुलीचं कुटुंब पुण्याहून इथं नागपूरला बदलून आलंय. तिच्या वहीत "ऑटो निघून गेली" आहे. दोन्ही शब्द ओकारान्त, दोन्ही वाहनं, दोन्ही इंग्रजीतून आलेली, आणि इंग्रजीत निर्जीव वस्तूंना व्याकरणाचं लिंगच नसतं. मग एक तो आणि एक ती, हे आपण ठरवलं कशावरून? मी चूक कोणाची धरू?

महालचा_भाऊ
ताई, शेवटचा स्वर पहा, उत्तर तिथंच आहे. आ असला की तो: कॅमेरा, सोफा. ई असली की ती: टॅक्सी, कंपनी, बॅटरी. ओ असला की तो: फोटो, रेडिओ, ऑटो. 'तो मेट्रो' हेच खरं बरोबर, लोकच 'ती' म्हणून राह्यले.

मुद्रितशोधक
भाऊ, आ आणि ई यांच्याबद्दल तुमचं बरंचसं पटतं. कॅमेरा थेट घोड्याच्या रांगेत जाऊन बसला: कॅमेऱ्यात, कॅमेरे. तरी टीव्ही ईकारान्त असून तो, आणि रिक्षा आकारान्त असून ती. रिक्षाची गंमत अशी की जपानी जिनरिकिशाचं ते शेपूट आपण मराठीत 'क्ष' घालून लिहिलं आणि तो शब्द शिक्षा, परीक्षा, दीक्षा यांच्या ओळीत गेला. त्या सगळ्या स्त्रीलिंगी. हिंदीत रिक्शा राहिला, म्हणून तिकडे पुल्लिंगी आणि अनेकवचन रिक्शे.
ओकारावर मात्र काहीच ठरत नाही. आपल्याकडे ओकारान्त नामं मुळात थोडी, आणि त्यातलं रोजचं नाम 'बायको', तेही स्त्रीलिंगी. रूप गप्प बसलं की अर्थ बोलतो. मेट्रो ही 'मेट्रो रेल्वे'. रेल्वे ती, गाडी ती, म्हणून मेट्रो ती. नागपुरात 2019 साली मेट्रो धावायला लागली तेव्हा तिचं लिंग कोणाला विचारावं लागलं नाही, ते आधीच तयार होतं.

अजनी_चौक
ऑटोला मराठी शब्द नाही का? तीनचाकी म्हटलं तर? मग हा वादच उरणार नाही.

वहीतली_बाई
दादा, शब्द बदलायचा नाहीये मला. मुलं रस्त्यावर जो शब्द बोलतात त्याचंच विचारते आहे.

कोथरूडची_सून
मुद्रितशोधक, अर्थावर जायचं तर ऑटोही रिक्षाच की. आम्ही पुण्यात रिक्षा म्हणतो. ती मुलगी इथं येऊन शब्द तुमचा बोलते आणि लिंग तिच्या रिक्षाचं लावते, म्हणजे तिचंच बरोबर. नागपूरच्या मराठीचं सगळं हिंदीनं झालंय. तो ऑटो, तो पेन, तो टेबल. माझ्या सासरी 'पेन हरवला' ऐकलं की अजून कानाला खटकतं.

ऑटोवाल्याची_पोरगी
माझे बाबा ऑटो चालवतात. परवा फोनवर सांगत होते, "ऑटो बंद पडला बे, गाडी ढकलत आणली." वाहन एकच, एकाच दमात तो पण आणि ती पण. ते नेहमी असंच बोलतात, आणि त्यात आम्हाला काहीच विचित्र वाटत नाही.

मुद्रितशोधक
पोरीनं दाखवलेलं वाक्य मोलाचं आहे. लिंग वाहनाला चिकटत नाही, शब्दाला चिकटतं. अर्थाचा जोर शब्द नवा असताना असतो, आणि तेव्हा मनात जो जुना शब्द असेल त्याचं लिंग नव्याला मिळतं. पुण्याच्या मुलीच्या मनात रिक्षा होती. नागपूरकराच्या कानावर बाजूच्या हिंदीतलं 'ऑटो आया' होतं. 'मेट्रो आयी' हेही हिंदीत स्त्रीलिंगीच, म्हणून तिथं भांडण झालं नाही.
सूनबाई, हिंदीचा परिणाम मी नाकारत नाही, पण सगळं तिच्यामुळे झालं असं दिसत नाही. दुकान घ्या. फारसीतून आलेला शब्द, आणि फारसीतही व्याकरणाचं लिंग नाही. हिंदीत दुकान स्त्रीलिंगी. इतकी वर्षं हिंदी कानावर असून नागपूरचा माणूस 'दुकान उघडली' म्हणत नाही. मग पेन का सरकलं?
मला कारण विभक्तीत दिसतं. 'नव्या पेनाने लिहिलं', 'माझ्या टेबलावर ठेव'. या वाक्यांत पेन तो आहे की ते, सांगता येतं का? नाही. व्यंजनान्त पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांचं सामान्यरूप एकच, मागच्या विशेषणाचंही तेच. फरक दिसतो तो फक्त 'पेन हरवला' आणि 'पेन हरवलं' अशा ठिकाणी, किंवा अनेकवचनात, ते पेन आणि ती पेनं. त्यातही 'ते पेन दे' म्हटलं तर एक नपुंसकलिंगी पेन की पुष्कळ पुल्लिंगी, हे ऐकणाऱ्यानं ताडायचं. लहान मूल दिवसभर पेनाने, पेनात, पेनाचं ऐकतं आणि लिंगाचा पुरावा त्याला क्वचित मिळतो. म्हणून ते शब्द तो आणि ते यांच्यात सहज हलतात.
स्त्रीलिंगी शब्दाचं तसं नाही. बँकेत, बॅगेत, सायकलीवर: प्रत्येक वापरात लिंग ऐकू येतं. दुकानाला ती व्हायचं तर 'दुकानात' सोडून 'दुकानीत' किंवा 'दुकानेत' म्हणावं लागेल. कोणाची जीभ तिकडे वळत नाही.

महालचा_भाऊ
हे बाकी पटलं. पण बसचं काय? आपण बसमध्ये म्हणतो, बसनं म्हणतो, शब्द बदलतच नाही. तुमच्या हिशेबानं बस हलायला पाहिजे होती. 'बस आला' तर म्या कधी ऐकलं नाही.

मुद्रितशोधक
बरोबर पकडलं. बस, कार, ट्रेन यांचं सामान्यरूप होत नाही, तिथं माझा पुरावा लागू नाही. त्यांना गाडी या अर्थानं धरून ठेवलंय असं मी म्हणेन, आणि हिंदीतही त्या तिन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे ओढणारं कोणी नव्हतं. ऑटोही ऑटोत, ऑटोनं असाच न बदलणारा, पण त्याला ओढणारं होतं.

वर्धा_रोड
अर्थावर इतका भरवसा नका ठेवू. माझं काम दिवसभर संगणकावर. दुवा तो, पण 'लिंक पाठवली' सगळेच म्हणतात. पत्र ते, पण आमच्याकडे कोणाला मेल आला, कोणाला मेल आली. एकाच खोलीत दोन्ही.

मुद्रितशोधक
लिंकच्या वेळी लोकांच्या मनात दुवा हा शब्द नव्हताच, तो पुस्तकात होता. अर्थाचं लिंग मिळायला जुना शब्द तोंडात असावा लागतो. मग ती का झाली, हे मला सांगता येत नाही. मेलचं अजून ठरायचं आहे.

कोथरूडची_सून
मग शाळेत प्रमाण काय धरायचं? पेन ते, टेबल ते, हे पुस्तकात आहे ना.

वहीतली_बाई
पेन आणि टेबल मी नपुंसकलिंगीच शिकवणार. तिथं लेखनातली रूढी स्पष्ट आहे, आणि मुलांना 'पेनं' हे अनेकवचन हातात राहायला हवं. ऑटोला तशी एक रूढी दिसत नाही, म्हणून दोन्ही वह्यांतली वाक्यं ठेवते. पण मुलाच्या वहीत खाली "तो ऑटो हिरवी होती" असं आहे, तिथं लाल खूण केली. एका वाक्यात तो धरला की विशेषणानं आणि क्रियापदानं त्याच्याच मागे जावं.

ऑटोवाल्याची_पोरगी
बाई, ई-रिक्षाचं पण सांगा. बाबा 'ई-रिक्षा आला' म्हणतात, शेजारच्या काकू 'आली' म्हणतात. लिहिताना तर दोघांचा 'क्ष'च आहे.

महालचा_भाऊ
आला.

कोथरूडची_सून
आली.