अनुभव धागा: एडिटरला ‘व्हिडिओ छोटा करा’ असं तुम्ही कसं कळवता?

महापेवाली: आमच्या कंपनीची सेफ्टी फिल्म ३:१० ची झाली होती, हेड ऑफिसला २ मिनिटांची हवी होती. रबाळे स्टेशनवर उभ्या उभ्या फोनवर बघत मी वेळा टिपल्या आणि पाठवून दिल्या. नवीन कटमध्ये साहेब म्हणतात, ‘आम्ही सुरक्षेशी तडजोड करत’ आणि लगेच ड्रोन शॉट! ‘नाही’ गायब. मी पाहत होते व्ही २, एडिटरने उघडला होता व्ही ३, त्यात सुरुवातीचा लोगो २ सेकंदांनी लांब. तुमचे किस्से येऊ द्या.

वागळे इस्टेटचा एडिटर: रोजचंच आहे. सगळे कट सारख्याच अंतराने चुकले तर व्हर्जन वेगळं. चूक पुढे पुढे वाढत गेली, तर क्लायंटने पहिला तुकडा गेला असं धरून पुढच्या वेळा मोजल्या. मला आवडलेला एक मेसेज, जरा बदलून:

‘व्ही ३, लांबी ३:१०, हवी २:००. सगळ्या वेळा याच फाइलच्या, आधीचे कट धरू नका.
०:०४ ते ०:१४ लोगो काढा.
०:५२ ते १:२० मशीनचे शॉट काढा, इथे निवेदन नाही.
१:४५ ते २:१० साहेब: “करत नाही” नंतर तोडा, “म्हणून यंदा” पासून पुढे. सांधा झाकायला वरचा हेल्मेटचा शॉट घ्या.
२:४० ते २:४७ टाळ्या काढा.’

बेरीज ७० सेकंद, म्हणजे बरोबर २ मिनिटं. शब्द दिले की सेकंद इकडेतिकडे झाला तरी वाक्य वाचतं.

घोडबंदर७: एवढं कशाला? स्क्रीनवर टाइमकोड छापून घ्यायचा, तो बघून लिहायचं. चूक होणारच नाही.

वागळे इस्टेटचा एडिटर: छापलेला टाइमकोड चांगलाच, पण आमची टाइमलाइन कधी ०१:००:००:०० पासून सुरू होते. तुम्ही प्लेअरवरचा १:४५ लिहिता, मला दिसतो ०१:०१:४५. कुठला आकडा वाचलाय, ते सांगा. आणि व्हर्जनचा घोळ त्याने सुटत नाही.

नेरुळकर काका: मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ अडीच तासांचा आहे. त्यातले फक्त मंगलाष्टकांचे १० मिनिटं काढून कोण देईल?

महापेवाली: काका, तेच सूत्र. कुठून कुठे, आणि पहिली-शेवटची ओळ सांगा.

कळवा_प्रॉडक्शन: संगीताचं कुणी बोललंच नाही. मधले ७० सेकंद काढले की ठेका उडतो. शेवट तुटका वाटू नये म्हणून संगीताचा शेवटचा भाग जागेवर ठेवून मधला कापावा लागतो. त्यामुळे ‘फक्त चार कट, तासाभरात द्या’ म्हटलं की डोकं फिरतं.

घोडबंदर७: मग क्लायंटने काय काढायचं ते सांगावं की काय ठेवायचं ते?

कळवा_प्रॉडक्शन: मला ‘ठेवा’वाली यादी सोपी जाते. निम्म्याहून जास्त जाणार असेल तर नक्कीच.

वागळे इस्टेटचा एडिटर: मला उलट. ठेवायच्या यादीत लोक श्वासाची जागा विसरतात.