प्रतिसाद: पंप शॉटगन अडकण्याबद्दल

«काडतूस अडकलं की दोष मॅगझिनच्या स्प्रिंगचाच.»

क्वचित. रेमिंग्टन ८७० मध्ये पुढची मूठ मागे ओढली की बोल्टचं कुलूप सुटतं, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि हॅमर चढतो. मॅगझिनमधलं नवं काडतूस मात्र मूठ अगदी शेवटापर्यंत मागे आली तरच खटका सोडतो. मग मूठ पुढे ढकलताना कॅरियर ते उचलून चेंबरसमोर धरतो. घाईत मूठ अर्धवट ओढली, तर हॅमर चढलेला पण चेंबर रिकामं. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’. हे सर्वांत जास्त होतं. (‘टक्’ झाल्यावर नळी सुरक्षित दिशेलाच धरून थांबायचं, बार उशिरानेही उडू शकतो.)

बार उडाल्यावर मूठ मागेच येत नसेल, तर बहुधा फुगलेलं काडतूस खरखरीत किंवा मळलेल्या चेंबरला चिकटलेलं असतं. स्वस्त, पोलादी बुडाच्या काडतुसांत हे अधिक.