उदाहरण पुण्याचंच घ्या

"उदारमतवाद, पुराणमतवाद आणि समाजवाद या तिन्ही विचारसरणींची व्याख्या पाठ आहे, पण उदाहरण काय द्यायचं तेच सुचत नाही."

या प्रश्नावर कुणीतरी उदाहरण म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या पक्षांची नावं सुचवली आहेत, ते मला पटत नाही. पक्षाची धोरणं बदलतात, म्हणून नुसत्या नावातून व्याख्या सिद्ध होत नाही. त्यापेक्षा १८९१चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलींचं शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय दहावरून बारा झालं आणि पुण्यात त्यावर मोठा वाद पेटला. समाजसुधारक आगरकर कायद्याच्या बाजूने होते, कारण मुलीच्या जिवाला इजा होत असेल तर रूढीपेक्षा व्यक्ती मोठी. हा उदारमतवाद. टिळकांचं म्हणणं, सुधारणा समाजातून हळूहळू यावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. ही पुराणमतवादी भूमिका. इथे 'भूमिका' हाच शब्द लिहा. टिळकांना सरसकट पुराणमतवादी म्हटलंत तर राजकारणातले जहाल टिळक उत्तरात बसत नाहीत.

याच उदाहरणाने नेहमीची एक चूकही टळते. 'उदारमतवाद म्हणजे सरकारचा कमीत कमी हस्तक्षेप' एवढंच लिहून मुलं थांबतात. आगरकरांना तर सरकारचा कायदा हवा होता! म्हणून व्याख्येत व्यक्तिस्वातंत्र्य आधी लिहा आणि दुसऱ्याला इजा होत असेल तिथे राज्याने मध्ये पडावं, हे लगेच जोडा.

समाजवाद मात्र या वादात शोधू नका, कारण त्याचा मुद्दा मालकीचा आहे. त्यासाठी १९६९चं १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण लिहा. 'गरिबांसाठी योजना' एवढंच लिहिलं तर ते कल्याणकारी राज्याचं उदाहरण होतं.