आईचं माहेरचं नाव आणि पेन्शनचा दावा

> वडील मार्चमध्ये गेले. त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर आईचं माहेरचं नाव आहे. तिला पेन्शन मिळायला काय लागेल?

वडिलांची पेन्शन आईच्या नावावर 'चढत' नाही. ती मृत्यूबरोबर थांबते आणि आईचा वेगळा, सहसा कमी रकमेचा हक्क सुरू होतो. योजनेत जोडीदाराचा वाटा ६० टक्के असेल, तर २०,००० च्या जागी १२,००० येतील. त्यासाठी अर्ज करावाच लागतो.

मृत्यूच्या दाखल्याने मृत्यू सिद्ध होतो, लग्न नाही. खरी अडचण तिथेच येते. विवाह प्रमाणपत्रात माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असेल, तर ते आणि आईचं आजच्या नावाचं ओळखपत्र जोडून दुवा पूर्ण होतो. लग्नाची नोंदच नसेल, तर तुमचा जन्मदाखला काढा. त्यावर आईवडील दोघांची नावं असतात. सोबत 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र द्या. नुसतं प्रतिज्ञापत्र मात्र बरेचदा परत येतं, कारण ते आईचंच म्हणणं असतं. जुना स्वतंत्र कागद हवा. आणि हो, बँक खात्यावरचं वारसनोंदीचं नाव इथे पुरावा ठरत नाही.

वडिलांच्या खात्यात एप्रिलचे २०,००० जमा झाले असतील, तर त्यांना हात लावू नका. ते परत करावे लागतात, नाहीतर आईच्या थकबाकीतून कापले जातात. चार महिन्यांचे ४८,००० थकले असतील, तर हाती २८,०००च येतील.