अनुभव: जवळजवळ लागलेला गठ्ठा, हीप आणि k ची भानगड

मंजिरी_क
परवा लेकाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मी बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसले होते, दार अर्धवट उघडं. प्रश्न ऐकू आला: ॲरेतला प्रत्येक आकडा आपल्या खऱ्या जागेपासून जास्तीत जास्त k घरं लांब आहे, तर ॲरे लावून दाखव. लेक म्हणाला sort(). पलीकडे शांतता. मग पलीकडून "हीप वापरून?" आणि आता अलीकडे शांतता.

मला एकदम आईचे पेपर आठवले. आई शाळेत शिक्षिका, सहामाहीचा गठ्ठा रोल नंबरने लावायचं काम माझ्याकडे. पेपर बाकांच्या ओळीने गोळा केलेले, त्यामुळे जवळजवळ लागलेलेच असायचे, फक्त कुणी पुरवणी बांधत बसलेला असला की एक-दोन जागा मागे-पुढे. मी सगळे पेपर सतरंजीवर पसरायचे. आई ओरडायची, "अगं पसारा कशाला घालतेस? तीन हातात धर, त्यातला लहान नंबर खाली ठेव, की गठ्ठ्यातला पुढचा उचल."

समजा गठ्ठा ३, १, ४, २, ७, ५, ६, ८ असा आहे. कुणीही दोन जागांपेक्षा जास्त हललेला नाही. हातात ३, १, ४. खाली जातो १. उचलला २. हातात ३, ४, २, खाली जातो २. उचलला ७, खाली ३. उचलला ५, खाली ४. असं करत शेवटी हातातले उरलेले क्रमाने ठेवले की झालं. गठ्ठा चाळीसचा असो की चारशेचा, हातात तीनच.

नोकरीत पुढे हेच k+1 चं हीप म्हणून भेटलं, तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तुम्हाला कुठे भेटलं? लिहा.

सावळा_गोंधळ
मंजिरीताई, मटार काय भाव मिळाला?

निखिल_पुणेकर
माझा याच प्रश्नावर निकाल लागलाय. मी हीप k चं घेतलं. मुलाखत घेणाऱ्याने काही न बोलता तुमच्यासारखंच छोटं उदाहरण दिलं आणि म्हणाला चालवून दाखव. k = 2 म्हणून हातात दोन: ३, १. काढला १, घेतला ४. आता ३ आणि ४, काढला ३. आणि मग गठ्ठ्यातून २ आला! तो बिचारा बाहेर उभा होता आणि त्याच्या जागेवर ३ बसला होता. मला चूक दिसली पण का झाली ते तिथे सांगता आलं नाही. घरी येताना पीएमटीत सुचलं: सगळ्यात लहान आकडा इंडेक्स 0 पासून k पर्यंत कुठेही असू शकतो, आणि ती घरं k नाहीत, k+1 आहेत.

ज्योत्स्ना
हे म्हणजे क्विक सिलेक्टच ना? k वा सगळ्यात मोठा शोधायचा. आम्हाला होतं.

निखिल_पुणेकर
@ज्योत्स्ना नाही हो, तिथला k वेगळा. तो "कितवा", हा "किती लांब".

ज्योत्स्ना
अच्छा. अक्षरं संपलीत का यांची 😄

विक्रांत_द
k+1 लागतंच असं नाही. मी नेहमी k चंच ठेवतो, आजवर एकदाही चुकलेलं नाही. निखिल, तुझ्या कोडमध्ये दुसरं काहीतरी चुकलं असणार.

पंत
दोघंही बरोबर आहात आणि दोघांनीही एक गोष्ट सांगितली नाही: आधी काढता की आधी घालता?

पायथनमध्ये `heapreplace` आधी सगळ्यात लहान काढतं आणि मग नवा घालतं. `heappushpop` आधी नवा घालतं, मग लहान काढतं. विक्रांत दुसरं वापरत असणार. हातात ३, १ असताना त्याने ४ आधी घेतला आणि मग १ काढला. मग ३, ४ मध्ये २ घेतला आणि २ काढला. हीपचा आकार k दिसतो, पण निवड होते त्या क्षणी हातात k+1 च असतात. निखिलने k चं हीप ठेवून आधी काढलं, म्हणून फसला.

मी असं लिहितो:

```python
import heapq

def lava(a, k):
    h = a[:k+1]
    heapq.heapify(h)
    for r in range(k+1, len(a)):
        a[r-k-1] = heapq.heapreplace(h, a[r])
    for w in range(len(a)-len(h), len(a)):
        a[w] = heapq.heappop(h)
```

लिहिण्याची जागा वाचण्याच्या जागेपेक्षा k+1 मागे असते, त्यामुळे त्याच ॲरेवर लिहिलं तरी न वाचलेलं काही पुसलं जात नाही.

विक्रांत_द
pushpop च वापरतो. मान्य. पण मग मी चुकलो नव्हतो 😎

निखिल_पुणेकर
हे तीन वर्षांपूर्वी सांगायचं ना पंत.

भाग्यश्री_७
आमच्याकडे पेपर गोळा करताना पोरं मुद्दाम क्रम बिघडवायची, शेवटच्या बाकावरचा पहिला देऊन यायचा. मग काय करायचं? (मी प्रोग्रामर नाही, शिक्षिका आहे, शीर्षकात गठ्ठा वाचून आले.)

पंत
भाग्यश्रीताई, तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. चाळीस नंबरचा पेपर सगळ्यात वर आला तर व्याख्येप्रमाणे k एकदम ३९ होतो. पण हातातल्या पद्धतीला त्याचा फार त्रास नाही. तो चाळीस नंबर हातात शेवटपर्यंत बसून राहील, एक बोट अडवेल, बाकीचे एकेक जागा मागे सरकलेत म्हणून हातात एक पेपर जास्त धरायचा, बस. लवकर आलेला नुसता जागा अडवतो. खरा घात उशिरा आलेला करतो. एक नंबरचा पेपर जर तळाशी असेल तर तो हातात येईपर्यंत २, ३, ४ खाली गेलेले असतात. ते परत उचलता येत नाहीत.

भाग्यश्री_७
म्हणजे वर्गासारखंच. लवकर येणारा चालतो.

किरण_लॉजिस्टिक्स
आता माझं रडगाणं ऐका. ट्रक ट्रॅकिंगचं काम करायचो, कंपनीचं नाव नको. गाड्यांकडून आलेले ठिपके वेळेनुसार जवळजवळ लागलेले असायचे, थोडे मागे-पुढे. मी ऐटीत २०० चं हीप टाकलं. दिवसा झकास. रात्री दोनला फोन, सगळ्या गाड्या नकाशावर थांबल्यात! गाड्या चालू होत्या. रात्री ठिपके कमी येतात, आणि माझ्या हीपमधून एक बाहेर पडायला एक नवा आत यावा लागतो. शेवटचे दोनशे ठिपके आत अडकून बसलेले, एसटीच्या दारात उभ्या राहणाऱ्यांसारखे, मागून कुणी ढकलल्याशिवाय हलणार नाहीत.

ते निस्तरतोय तोवर दुसरं. घाटात नेटवर्क जातं, गाडी ठिपके साठवते आणि खाली उतरली की तीनचारशे एकदम सोडते. जुन्या वेळेचे. २०० चं हीप काय करणार.

अनु_इन_डब्लिन
@किरण तुला कळलं कसं? कारण हीप काही एरर देत नाही ना, गुपचूप चुकीचं लावतं.

किरण_लॉजिस्टिक्स
नाही कळलं! आठवडाभराने हिशेबात एक ट्रक ताशी ४०० ने पळालेला दिसला तेव्हा कळलं.

पंत
एक ओळ टाकायची. शेवटी काय बाहेर काढलं ते लक्षात ठेवा, आणि नवीन निघालेला त्याहून लहान असेल तर ओरडा. निकाल चुकला असेल तर ही ओळ कधी ना कधी पकडतेच, कारण चुकलेला निकाल म्हणजे कुठेतरी मागचा पुढच्याहून मोठा. फक्त त्या वेळी चुकीचा आधीच बाहेर गेलेला असतो, तो परत येत नाही. उशिरा आलेले वेगळ्या फाइलीत टाकून नंतर जुळवायचे.

आणि किरण, तुझी मूळ गडबड अशी की तुझी हमी जागांची नव्हतीच, वेळेची होती. "ठिपका दोन मिनिटांपेक्षा उशिरा येत नाही" हे तू म्हणू शकत होतास. "दोनशे जागांपेक्षा लांब नसतो" हे नाही, कारण गर्दीच्या वेळी दोन मिनिटांत हजार ठिपके येतात आणि रात्री पाच. हीप तेच ठेव, पण काढायचं कधी ते आकारावर नको, वेळेवर ठरव. हीपमधला सगळ्यात जुना दोन मिनिटांहून जुना झाला की काढ.

किरण_लॉजिस्टिक्स
मग घाटाला अर्धा तास ठेवावा लागेल, आणि तोवर ग्राहक नकाशा बघत ओरडणार.

पंत
हो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. थांबा किंवा चुका.

सावळा_गोंधळ
हीप मेमरीचं वेगळं आणि हे वेगळं का? मला वाटलं malloc वाल्या हीपवर सॉर्ट करताय.

अनु_इन_डब्लिन
वेगळं रे. नाव एक, नातं नाही.

मला मात्र वेगळाच प्रसाद मिळाला. मी हीपमध्ये (वेळ, रेकॉर्ड) अशा जोड्या टाकल्या होत्या, रेकॉर्ड म्हणजे डिक्शनरी. चाचणीत मस्त. खऱ्या डेटावर दोन रेकॉर्डची वेळ तंतोतंत सारखी आली आणि:

```
TypeError: '<' not supported between instances of 'dict' and 'dict'
```

पहिला आकडा बरोबरीत सुटला की पायथन जोडीतल्या दुसऱ्याकडे बघतो, आणि दोन डिक्शनऱ्यांत लहान कोण ते त्याला ठरवता येत नाही. मग मधे चढता क्रमांक टाकला: (वेळ, अनुक्रम, रेकॉर्ड). त्याने सारख्या वेळेचे रेकॉर्ड आले त्याच क्रमाने बाहेर पडायला लागले, हा वरचा फायदा. नुसतं हीप तशी हमी देत नाही.

मंजिरी_क
@अनु अगदी! मूळ पेपर आणि पुरवण्या, सगळ्यांवर एकच रोल नंबर. एकदा पुरवणी वर आणि पेपर खाली लावला म्हणून धपाटा खाल्लाय मी.

विक्रांत_द
एक प्रामाणिक प्रश्न. एवढं करून वेग किती मिळतो? दहा लाख आकडे, k = 50. मी मोजलं तर साधं sorted() जिंकतं.

पंत
जिंकणारच. कागदावर बघ: ५१ चं हीप सहा मजली, म्हणजे दर आकड्याला सहा मजले चढ-उतार. पूर्ण सॉर्टला साधारण वीस पायऱ्या. तिप्पट फायदा दिसतो, पण तुझा लूप पायथनमध्ये फिरतो आणि sorted() सगळं सी मध्ये. शिवाय आत टिम पीटर्सचा टिमसॉर्ट आहे. तो छोटे तुकडे लावून जोडतो, आणि जोडायच्या आधी दोन्ही टोकांचा आधीच जागेवर असलेला भाग बाजूला ठेवतो. k छोटा असेल तर शेजारच्या तुकड्यांत गुंतलेला भाग थोडाच उरतो. k दोन-तीन असेल तर साधा इन्सर्शन सॉर्टसुद्धा हीपला मागे टाकेल.

सगळा ॲरे हातात असेल तर sorted() म्हणा आणि चहा प्या. मंजिरीताईंच्या लेकाचं पहिलं उत्तर मला तरी चूक वाटत नाही. हीप लागतं ते गठ्ठा संपायच्या आधी खाली ठेवायला सुरुवात करायची असते तेव्हा.

निखिल_पुणेकर
हे मुलाखतीत म्हणून दाखवा पंत 😂

विक्रांत_द
आणि k माहीतच नसेल तर? प्रश्नात k फुकट मिळतो, कामावर कोण देतं?

किरण_लॉजिस्टिक्स
मी "दोनशे पुरे झाले" असं ठरवलं होतं. 🙏

अनु_इन_डब्लिन
जुना डेटा पूर्ण लावून प्रत्येक रेकॉर्ड किती मागे होता ते मोजलं होतं आम्ही. पण तो मागच्या महिन्याचा k झाला.

भाग्यश्री_७
लेकाचं काय झालं ते सांगा ना कुणीतरी!

मंजिरी_क
दुसऱ्या फेरीला बोलावलंय, गुरुवारी. त्याला आईची गोष्ट सांगितली तर म्हणतो, आजीने दोनच हातात धरले असते आणि आधी उचलून मग ठेवला असता तर? मी म्हटलं, पंतांना विचार.

मटार ऐंशी रुपये किलो, सावळा. अर्धे किडके निघाले.