'वर्षाला १० टक्के हमखास' : यातले टक्के कशाचे आणि हमखास कुठपर्यंत?

रेवती
माझ्या भावाला एका विमा एजंटने चॅटवर बचत पॉलिसीबद्दल हा मेसेज पाठवलाय, जसाच्या तसा देते:

"दादा, १० वर्षंच भरायचं. ११व्या वर्षापासून भरलेल्या रकमेवर वर्षाला १० टक्के हमखास + बोनस. २० वर्षं झाली की भरलेलं सगळं परत."

पॉलिसीचा नमुना कागदही आलाय. त्यात लिहिलंय : "अकराव्या पॉलिसी वर्षाच्या अखेरीपासून दरवर्षी, एकूण भरलेल्या हप्त्यांच्या १० टक्के इतकी रक्कम देय राहील." भाऊ म्हणतो, दोन्हीकडे १० टक्केच आहेत, मग अडचण कुठे? मला मात्र ही दोन वाक्यं एकच सांगतायत असं वाटत नाही. फरक नेमका कुठल्या शब्दात आहे?

ओंकार
टक्के म्हणजे टक्के. आकडा जुळतोय ना, मग झालं. आणि चॅटवर लिहून दिलंय म्हणजे कंपनीला ते पाळावंच लागेल. स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मोहनकाका
ओंकार, आकडा जुळतो पण अर्थ जुळत नाही. शाळेत आपण 'द.सा.द.शे.' शिकलो. दर साल, दर शेकडा. त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली असते : पैसे ठेवले त्या दिवसापासून व्याज सुरू. 'वर्षाला १० टक्के' कानावर पडलं की मराठी माणसाला तेच द.सा.द.शे. ऐकू येतं.

कागदात 'दराने' हा शब्द नाही, 'व्याज'ही नाही. तिथे आहे '१० टक्के इतकी रक्कम'. म्हणजे टक्क्यांचं काम फक्त रक्कम मोजायचं. वर्षाला १०० भरले तर १० वर्षांत १,०००, त्याचे १० टक्के १००, ते दरवर्षी हातात. पण पहिली १० वर्षं त्या हजारावर काहीच जमा होत नाही. तेच पैसे खरोखर १० टक्के दराने चक्रवाढीने ठेवले असते, तर दहाव्या वर्षाच्या शेवटी ते १,७५० च्या वर गेले असते. कागद मात्र अजून हजारच धरून टक्के काढतो.

रेवती
काका, नेमकं हेच मला सांगता येत नव्हतं! मग खरा दर किती निघतो?

मोहनकाका
बोनस शून्य धरू. भरले १,०००. ११व्या ते २०व्या वर्षाच्या अखेरीस दरवर्षी १००, आणि शेवटी भरलेले १,००० परत. एकूण मिळाले २,०००. म्हणजे दुप्पट. आता किती वर्षांत दुप्पट? हप्ते वर्षाच्या सुरुवातीला भरता, तर सरासरी हप्ता साडेचार वर्षांनी गेला. पैसे सरासरी पावणेअठरा वर्षांनी आले. मधे सव्वातेरा वर्षं. ७२ ला त्याने भागा, साधारण ५.४ येतात.

अंदाजावर विश्वास नसेल तर स्प्रेडशीटच्या एका स्तंभात २१ आकडे टाका : दहा वेळा -१००, एकदा ०, नऊ वेळा १००, शेवटी १,१००. मग

```
=IRR(A1:A21)
```

मी करून पाहिलं, ५.४ च्या किंचित खाली येतं. कंपनीचा कागद खोटा नाही, एजंटचा आकडाही खोटा नाही. पण १० चे ५.४ झाले ते 'टक्के' या शब्दाच्या आडून, आणि मला हे गैर वाटतं. यातला काही भाग जीवनविम्याच्या संरक्षणासाठी जातो हे मान्य, पण मग तसं सांगावं.

स्मिता
माझ्या सासूबाईंच्या आजारपणाच्या पॉलिसीत असंच झालं. एजंट म्हणाले "पहिल्या दिवसापासून कव्हर", आणि मोतीबिंदूच्या वेळी कळलं की ठरावीक आजारांना थांबायचा काळ आहे. सासूबाईंचा दावा नाकारला जाईल का?

विद्याताई
स्मिता, तुझं प्रकरण वेगळं आहे, तिथे अटींच्या यादीतला प्रतीक्षा काळ बघावा लागेल. इथे दावा नाकारण्याचा प्रश्नच नाही, पैसे मिळणारच आहेत. प्रश्न आहे ते किती समजून घेतले होते याचा.

मी बरीच वर्षं विमा विक्रेत्यांना शिकवत होते, म्हणून 'हमखास'बद्दल सांगते. हमखास आणि हमी या शब्दांत मोठं अंतर आहे. 'पहिल्या पावसात वीज हमखास जाते' असं आपण म्हणतो, पण त्याची हमी कोणी देत नाही. हमखास म्हणजे बोलणाऱ्याचा अनुभव. हमीला देणारा लागतो, आणि त्याला पुढे धरता येतं. म्हणून पॉलिसीत 'हमीप्राप्त' किंवा 'गॅरंटीड' सापडेल, 'हमखास' सापडणार नाही.

आता मेसेजमधलं ते अधिकचं चिन्ह बघ. 'हमखास + बोनस'. ऐकणाऱ्याचा हमखास बोनसपर्यंत पोचतो. कागदात बोनसच्या आधी 'जाहीर झाल्यास' असं असतं का ते शोध. शिवाय लाभाच्या तक्त्यात बहुधा दोन रकाने असतील, एक हमीचा, दुसरा गृहीत दराने काढलेला. भावाला दाखवलेला आकडा दुसऱ्या रकान्यातला असेल, तर तो कुणीच कबूल केलेला नाही.

रेवती
ताई, सापडलं. "कंपनीने जाहीर केल्यास" असंच आहे. आणि 'एकूण भरलेले हप्ते' याच्या व्याख्येत "कर व जादा हप्ता वगळून" असं आहे. म्हणजे 'भरलेलं सगळं परत' यातलं 'सगळं'सुद्धा पूर्ण नाही.

विद्याताई
बरोबर वाचलंस. भावाच्या तब्येतीमुळे जादा हप्ता लावला असेल, तर तो भाग परत येत नाही आणि त्यावर १० टक्केही नाहीत. व्याख्यांचं पान लोक उलटून टाकतात, पण मेसेजमधल्या शब्दांची खरी लांबी-रुंदी तिथेच कळते.

आणि ओंकार, चॅट हा कराराचा भाग नसतो. करार म्हणजे पॉलिसी, प्रस्ताव अर्ज आणि त्याला जोडलेले कागद. तरी स्क्रीनशॉट ठेवावाच, चुकीचं सांगून विकलं अशी तक्रार करायची झाली तर तो पुरावा ठरतो.

ओंकार
पण एजंट कंपनीचाच माणूस ना? त्याचं लेखी बोलणं कंपनीला अजिबात लागू नाही, हे मला पटत नाही.

विद्याताई
अजिबात लागू नाही असं मीही म्हणत नाही. तक्रारीत कधी धरलं जातं, कधी नाही, प्रकरणागणिक. त्या भरवशावर मात्र सही करू नये.

रेवती
मी एजंटला विचारणार आहे : "हे १० टक्के व्याजदर आहे का? हो असेल तर कागदाच्या कुठल्या पानावर?" पण त्या ५.४ ला बोलीत काय म्हणू? 'अंतर्गत परताव्याचा दर' भावासमोर म्हटलं तर तो उठून जाईल.

मोहनकाका
'पडतो' म्हण. १० टक्के मिळतात, पण दर ५.४ चा पडतो.

स्मिता
काका, पडतं ते खर्चाला. महागात पडलं, स्वस्तात पडलं. मिळकतीला आमच्याकडे 'सुटतात' म्हणतात. शेकडा किती सुटले?

मोहनकाका
सुटणं चांगलं आहे. पण सुटतात म्हटलं की वरचं उरलेलं वाटतं, मधली वर्षं त्यात दिसत नाहीत. आणि इथे सगळा फरक त्या वर्षांनीच पडलाय.