31 बिरुदं आणि 60 शब्दांची जागा

मीनल (पत्रिका समिती)
नमस्कार मंडळी,
शनिवारच्या दुपारच्या सत्राचे पाहुणे, त्यांना इथे डॉ. अबक म्हणूया, यांनी स्वतःचा परिचय पाठवलाय. दोन पानं, 31 नोंदी. पत्रिकेत जागा 60 शब्दांची. सुरुवातच अशी: "पीएच.डी., विद्यावाचस्पती डॉ. अबक, आंतरराष्ट्रीय कीर्तीचे भूजलतज्ज्ञ, थोर विचारवंत, समाजभूषण, सहा संस्थांचे आजीव सभासद, माजी विभागप्रमुख…"
व्याख्यानाचा विषय आहे: कोकणात एवढा पाऊस, मग एप्रिलमध्ये विहिरी का आटतात? काय ठेवू, काय काढू? त्यांना वाईट वाटायला नको, आणि फाईल उद्या रात्री छपाईला जातेय.

श्रीकांत
एवढंच ना? सूत्रसंचालन माझ्याकडे द्या. एकतीसच्या एकतीस वाचतो, मध्ये दोन चारोळ्या टाकतो. पाच मिनिटांत होतं.

मीनल
श्रीकांत, छापायचा मजकूर हवाय रे. स्टेजवरचं नंतर बघू.

प्रभाकरकाका
विद्यावाचस्पती म्हणजेच पीएच.डी., आणि 'डॉ.' त्याचंच. तिन्हींतलं एक ठेवा. पुरस्कार तर सगळेच उडवा. पद्मश्रीसुद्धा लिहायला सुप्रीम कोर्टाची बंदी आहे, तिथे समाजभूषणाची काय कथा!

सुलभाताई
काका, पद्मचं अर्धं बरोबर आहे. 1995 च्या निकालानुसार पद्म पुरस्कार ही काही उपाधी नव्हे, त्यामुळे नावाच्या आधी किंवा नंतर तो जोडायचा नाही. 'त्यांना अमुक साली पद्मश्री मिळाली' असं वाक्यात लिहायला काहीच हरकत नाही.

विद्यावाचस्पतीचं मात्र जपून. शब्द पीएच.डी.साठीच आहे, पण काही संस्था तो मानद म्हणूनही देतात. एकाच माणसाने दोन्ही वेगवेगळे लिहिले की मला शंका येते. मीनल, फोन करून साधेपणाने विचार: कुठलं विद्यापीठ, कुठलं साल, प्रबंधाचा विषय काय. पीएच.डी. खरी असेल तर माणूस विषय सांगताना खुलतो. शोधगंगेवरही बघ, पण जुने प्रबंध तिथे सगळे चढलेले नाहीत. सापडला नाही म्हणून खोटा ठरवू नकोस.

बाकी नोंदींसाठी मी मासिकात असताना करायचे तेच कर. प्रत्येकीसमोर लिही: कोणी दिलं, कधी, कशासाठी. ज्यांच्यापुढे रकाना रिकामा राहतो त्या आपोआप गळतात. आजीव सभासदत्व वर्गणी भरून मिळतं, ते काढ. 'आंतरराष्ट्रीय कीर्ती' कशाच्या जोरावर, ते विचार. बहुतेक वेळा परदेशात वाचलेला एखादा निबंध निघतो.

मग उरलेल्यातून एवढंच शोध: विहिरींबद्दल यांचंच का ऐकायचं? तुझ्या दोन पानांत ते कुठेतरी खाली दडलेलं असेल.

मीनल
ताई, 27 व्या नोंदीत दडलं होतं! "ग्रामीण जलसाक्षरता कार्य", एवढंच. फोनवर कळलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या आठ गावांत ते दर पंधरवड्याला विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजून घेतात, गावकऱ्यांकडूनच. बारा वर्षांच्या वह्या आहेत त्यांच्याकडे. पीएच.डी. 1996 ची, विषय जांभ्यातलं भूजल. विद्यावाचस्पती एका संस्थेने दिलेली, मानद. आंतरराष्ट्रीय म्हणजे काठमांडूला एक निबंध. मसुदा असा:

"डॉ. अबक भूजलतज्ज्ञ आहेत. जांभ्याच्या सड्यावर पडलेलं पाणी किती मुरतं आणि किती दिवसांत झऱ्यांवाटे निघून जातं, याचा ते अभ्यास करतात; 1996 साली त्यांनी याच विषयात पीएच.डी. केली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आठ गावांत गेली बारा वर्षं ते गावकऱ्यांच्या मदतीने विहिरींच्या पातळीची नोंद ठेवत आहेत. निवृत्तीपूर्वी ते महाविद्यालयात भूशास्त्राचे विभागप्रमुख होते."

वैशाली
छानच. माझं बघा, गेल्या खेपेला बावीस वर्षांच्या तालमीचं कात्रीने "हौशी गायिका" केलं. मला विचारलंसुद्धा नाही. यांना दाखवल्याशिवाय छापू नका हं.

सुलभाताई
वैशाली, अगदी बरोबर. नुसता मसुदा नको, सोबत काय काढलं आणि का, तेही दोन ओळींत कळव. 'माजी'ऐवजी 'निवृत्तीपूर्वी' केलंस ते आवडलं. मात्र महाविद्यालयाचं नाव घाल. नाव असलं की कोणालाही पडताळता येतं.
आणि शब्द मोजून फसू नकोस. 'पंधरवड्याला' हा एक शब्द अर्धी ओळ खातो. डिझायनरकडून ओळी मोजून घे.

मीनल
महाविद्यालयाचं नाव घातलं, नऊ ओळी झाल्या, बसतंय. दाखवलं. विद्यावाचस्पती काढल्याबद्दल चकार शब्द नाही, विहिरींच्या वाक्यावर खूश. पण "समाजभूषण तेवढं राहू द्या, आईसमोर मिळालं होतं" म्हणाले. कोणी दिलं, कधी, दोन्ही रकाने भरलेले आहेत. कशासाठी, ते त्यांनाही नीट आठवत नाही.

प्रभाकरकाका
काढा.

सुलभाताई
श्रीकांतला स्टेजवर म्हणू दे.

मीनल
त्यांना छापीलच हवंय. उद्या नऊपर्यंत वेळ आहे, सकाळी पुन्हा फोन करते.